पंचवीस म्हणजे किती? — जुन्या स्कूटरच्या व गवत कापण्याच्या यंत्राच्या पेट्रोलात तेल किती मिसळावे

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांत खांद्यावर अडकवून चालविण्याचे गवत कापणीचे यंत्र, ज्यास सर्व लोक ब्रश कटर म्हणतात, ते हल्ली पुष्कळ घरी दिसू लागले आहे. धानाच्या बांध्यांचे धुरे साफ करणे, घरामागची रायमुनिया तोडणे, आणि पाते बदलून धान कापणे ही कामे त्याजकडून होतात. त्याच घराच्या पडवीत वडिलांच्या वेळची एखादी स्कूटरही बहुधा उभी असते. ही दोन्ही वाहने-यंत्रे बहुतकरून टू-स्ट्रोक इंजिनाची असल्यामुळे दोहोंच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते. ते किती मिसळावे, ह्या साध्या प्रश्नाबाबत गावोगाव जो घोळ आम्ही पाहिला, व जो आमच्या स्वतःच्या घरीही झाला, त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकून होतो. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. यंत्रविद्येचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु जन्मभर आकडे उतरविण्यात व ताळा पाहण्यात गेल्यामुळे, एकच आकडा दोन अर्थांनी वाचला गेला म्हणजे काय अनर्थ होतो हे आम्हांस ठाऊक आहे. तेलाच्या ह्या प्रकरणी अगदी तसेच घडते, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. आमची चेतक स्कूटर जुनी, टू-स्ट्रोक आहे. तिच्या पुस्तिकेत शेकडा २ तेल सांगितले आहे. आमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी धानकापणीच्या हंगामाकरिता एक ब्रश कटर घेतला. त्याच्या टाकीवर तेल व पेट्रोल ह्यांचे प्रमाण १:२५ असे छापलेले होते. दुकानातील मुलाने त्यास तोंडी सांगितले, "पंचवीस टाकायचे." पुतण्याने समजून घेतले की एक लिटर पेट्रोलात २५ मिलिलिटर तेल टाकावयाचे. पुढे एके दिवशी त्याने स्कूटरविषयी एका मिस्त्रीस विचारले. मिस्त्री म्हणाला, "चेतकला पन्नास." तेव्हा त्याने स्कूटरच्या पेट्रोलात लिटरमागे ५० मिलिलिटर तेल घालण्यास सुरुवात केली. सांगणारे दोघेही खरे बोलले होते व ऐकणारा प्रामाणिक होता. तरी दोन्ही यंत्रांचे नुकसान झाले.

ह्याचे कारण असे की, १:२५ ह्याचा अर्थ लिटरमागे २५ मिलिलिटर असा मुळीच नव्हे. एक भाग तेल व पंचवीस भाग पेट्रोल, असा त्याचा अर्थ आहे. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर. त्यास २५ ने भागले असता ४० येतात. म्हणजे १:२५ प्रमाणाकरिता लिटरमागे ४० मिलिलिटर तेल हवे. तसेच १:५० ह्याकरिता १००० भागिले ५०, म्हणजे २० मिलिलिटर हवे. हेच शेकडा २. उलटपक्षी, लिटरमागे २५ मिलिलिटर तेल घातले तर ते प्रमाण १:४० होते, आणि ५० मिलिलिटर घातले तर १:२० होते.

ह्यातील मेख वाचकांच्या ध्यानी आली असेल. प्रमाणाचा आकडा जसा मोठा, तसे तेल कमी. मिलिलिटरचा आकडा जसा मोठा, तसे तेल जास्त. हे दोन आकडे परस्परांच्या उलट दिशेने चालतात. म्हणून जो मनुष्य प्रमाणाचा आकडा मिलिलिटर समजून वाचतो, त्याच्या हातून ज्या यंत्रास जास्त तेल हवे त्यास कमी जाते, व ज्यास कमी हवे त्यास जास्त जाते. आमच्या घरी नेमके हेच झाले. स्कूटरला अडीचपट तेल मिळू लागले, आणि ब्रश कटर उपाशी राहिला.

ब्रश कटरच्या बाबतीत आणखी एक चूक वर पडली. २५ मिलिलिटर तेल मोजावयास घरी माप नव्हते, म्हणून पाण्याच्या बाटलीचे बूच हेच माप ठरले, आणि तीन बुचे म्हणजे पंचवीस असा अंदाज बांधला गेला. यंत्र बिघडल्यावर आम्ही तेच बूच औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने मोजले. एका बुचात ६ मिलिलिटर मावले. तीन बुचांचे १८ झाले. म्हणजे ज्या यंत्रास लिटरमागे ४० हवे होते, त्यास १८ मिळत होते, निम्म्याहूनही कमी.

नोव्हेंबर महिन्यात जंगलाच्या कडेच्या बांधीत धान कापीत असता, दुपारी बाराच्या सुमारास यंत्राचा आवाज एकाएकी बारीक व धातूसारखा झाला, जोर उतरला, आणि यंत्र जागीच थांबले. दोरी ओढली तर हालेना. मजूर बोलाविलेले, धान अर्धे उभे, आणि ती जागा अशी की तेथे दिवस मावळल्यावर कोणी थांबत नाही. आमच्या भागातील लोकांस त्याचे कारण सांगावयास नको. कापणी विळ्याने पुरी करावी लागली, आणि दोन दिवस अधिक गेले. पुढे मिस्त्रीने सिलिंडर खोलला तेव्हा पिस्टनच्या चोहोबाजूंनी उभे चरे पडलेले होते, आणि आतील क्रँकच्या भागास बोट लावले तर ते कोरडेच राहिले. पिस्टन, रिंगा व सिलिंडर बदलण्यास साडेतीन हजार रुपये लागले. लिटरमागे जे २२ मिलिलिटर तेल कमी पडत होते, त्याची किंमत दहा रुपयेही नव्हती.

आता तेलाचे ह्या इंजिनात काम काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ट्रॅक्टरच्या किंवा हल्लीच्या मोटारसायकलच्या इंजिनात खाली तेलाचा साठा असतो, व तेच तेल पुनःपुन्हा फिरून सर्व भागांस मिळते. टू-स्ट्रोक इंजिनात असा साठा नसतो. त्यात पेट्रोल व हवा प्रथम क्रँकच्या पेटीत येतात, व तेथून सिलिंडरमध्ये वर जातात. वाटेत पेट्रोलाची वाफ होते, आणि त्यातील तेल मागे राहून बेअरिंग, पिस्टन व सिलिंडरची भिंत ह्यांवर पातळ थर धरते. काम करून ते तेल जळून बाहेर जाते. म्हणून पेट्रोलाबरोबर जेवढे तेल जाईल तेवढेच त्या इंजिनाचे अन्न. काल जास्त घातले म्हणून आज कमी चालेल, असा येथे हिशेब नाही.

ह्यावरून कोणी म्हणेल की, मग सरसकट जास्तच तेल घालावे. इंजिन सुखी राहील. आमच्या भागातील जुने मिस्त्री हेच सांगतात, आणि त्यांचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी ज्या काळी काम शिकले त्या काळी ते म्हणणे बरोबर होते. १९५० च्या दशकातील व्हेस्पा स्कूटरला शेकडा ५ तेल लागे. पुढे त्या स्कूटरच्या रचनेत असा फेर झाला की, पेट्रोल व हवा ह्यांची आत येण्याची वाट फिरत्या क्रँकनेच उघडमीट होऊ लागली, व येणारे मिश्रण थेट क्रँकच्या बेअरिंगवर पडू लागले. त्यामुळे शेकडा २ तेल पुरेसे झाले. आपल्याकडील चेतक ही ह्याच पुढच्या रचनेची. शिवाय तेलही बदलले. पूर्वी साधे मोटारीचे तेलच पेट्रोलात ओतीत. आता टू-स्ट्रोककरिता मुद्दाम केलेले, कमी धुराचे व कमी काजळी धरणारे तेल मिळते. आपल्या देशात १९९९ सालापासून ह्या कमी धुराच्या तेलाचा नियम लागू झाला. तेव्हा जुना आकडा नव्या तेलास लावणे, हे जुन्या आकारणीने नव्या जमिनीचा सारा ठरविण्यासारखे आहे.

जास्त तेलाचे दुष्परिणाम आमच्या स्कूटरने आम्हांस दाखविले. प्रथम मागे निळसर पांढरा धूर सुटू लागला. मग सकाळी किका जास्त माराव्या लागू लागल्या. प्लग काढून पाहिला तर तो काळा, ओलसर व तेलकट होता. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग कोरडा व चॉकलेटी रंगाचा असतो. दोन महिन्यांनी चढावर स्कूटर दम टाकू लागली. सायलेन्सर सोडविला तेव्हा त्याच्या तोंडाशी व सिलिंडरच्या धूर सुटण्याच्या भोकाशी काजळीचा कठीण थर बसलेला होता, आणि वाट अर्धी बुजली होती. तो थर खरवडून काढला, लिटरमागे २० मिलिलिटर तेल सुरू केले, व स्कूटर पूर्ववत झाली. सुदैवाने पिस्टनच्या रिंगा काजळीने खाचेत चिकटल्या नव्हत्या. तसे झाले असते तर सिलिंडरही खोलावा लागला असता.

ब्रश कटरला जास्त तेल दिल्याने होणारा एक तोटा आपल्या जंगलभागात विशेष विचार करण्याजोगा आहे. पुष्कळ यंत्रांच्या सायलेन्सरमध्ये ठिणगी अडविणारी बारीक तारेची जाळी असते. फाजील तेलाची काजळी ह्या जाळीत भरते, यंत्राचा जोर उतरतो, आणि मग कोणीतरी शहाणा ती जाळीच काढून फेकतो. यंत्र पुन्हा जोराने चालते खरे. परंतु जळत्या काजळीचे कण मोकळे बाहेर पडू लागतात. फेब्रुवारीपासून पुढे सागाचा पाला व गवत वाळून कोळ झालेले असते, व त्याच दिवसांत मोहफुले वेचण्याकरिता झाडाखालची जागा साफ करण्याचे काम निघते. अशा वेळी जाळीविना यंत्र चालविणे म्हणजे वणव्यास आमंत्रण होय. जाळी बुजली तर ती काढून घासावी व पुन्हा बसवावी. आणि ती वरचेवर बुजत असेल तर तेलाचे माप तपासावे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जास्त तेल व कमी तेल हे दोन्ही दोष खरे, पण सारखे नव्हेत. जास्त तेल तक्रार करते. धूर दिसतो, प्लग ओला होतो, चढाव जड जातो. महिना दोन महिने इशारा मिळतो. कमी तेल मात्र मुके असते. ते असता धूर कमी निघतो, यंत्र हलके व चपळ वाटते, प्लगही स्वच्छ दिसतो, आणि मालक खूष असतो. आवाज बारीक झाला, जोर उतरला, इतका इशारा मिळतो तोच पिस्टन धरतो. म्हणून प्लगचा रंग पाहून तेल पुरेसे आहे असा निर्णय कोणी करू नये. प्लग पेट्रोल व हवेची हकीकत सांगतो, तेलाच्या तुटवड्याची सांगत नाही. आणि कधी मापाविषयी खरोखरच संशय पडला, तर त्या एका टाकीपुरते तेल किंचित जास्त घालणे हा लहान अपराध, व कमी घालणे हा मोठा, असे समजावे. परंतु एका टाकीपुरतीच ही सवलत. ती नित्याची रीत होऊ देऊ नये.

यंत्र अडकण्याचा तो बारीक आवाज कानी पडताच ब्रश कटरचा खटका सोडून ते बंद करावे, व स्कूटर असेल तर तत्काळ क्लच दाबावा. यंत्र पुरते थंड होईपर्यंत दोरी अगर किक जोराने मारू नये. थोडे चिकटलेले पिस्टन थंडपणी सुटते, पण जबरीने फिरविले असता चरे खोल पडतात. खोलल्यावर चरे कोठे आहेत ते स्वतः पाहावे. चोहोबाजूंनी चरे व आत कोरडेपणा असेल तर तेल कमी पडले असे समजावे. केवळ धूर सुटण्याच्या भोकाकडील बाजूसच चरे असतील, तर तेलापेक्षा पेट्रोल कमी व हवा जास्त जाणे, किंवा सिलिंडरच्या पंखांत गवत अडकून तो तापणे, हे कारण बहुधा असते. दोष ओळखल्याविना नवे पिस्टन घातले तर तेही त्याच वाटेने जाते.

आता प्रत्यक्ष कसे करावे ते सांगतो. तेल आणण्यापूर्वी यंत्राविषयी दोन गोष्टी निश्चित कराव्या. पहिली, त्यात तेल मिसळावयाचे आहे की नाही. सर्वच ब्रश कटर टू-स्ट्रोक नसतात. होंडा कंपनीच्या जीएक्स २५ व जीएक्स ३५ ह्या लहान इंजिनांवर चालणारे ब्रश कटर फोर-स्ट्रोक आहेत. त्यांत तेल निराळ्या जागी भरतात व टाकीत निव्वळ पेट्रोल घालतात. शेवटच्या काळात चेतकही फोर-स्ट्रोक निघाली होती. तसेच कायनेटिक होंडासारख्या स्कूटरला तेलाची टाकी निराळी असते, व यंत्र आपले आपण तेल घेते. तेथे पेट्रोलात मिसळण्याचे कारण नाही, मात्र ती निराळी टाकी रिकामी होऊ देऊ नये. दुसरी गोष्ट, बनविणाऱ्याने सांगितलेले प्रमाण. ते टाकीवर किंवा पुस्तिकेत असते. त्यात कधी कधी तेलाच्या जातीप्रमाणे दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, स्टिल ह्या जर्मन कंपनीच्या पुस्तिकांत स्वतःच्या तेलास १:५०, व इतर टू-स्ट्रोक तेलास १:२५ सांगितलेले आढळते. तेव्हा पुस्तिकेतील १:५० वाचावे आणि बाजारातील कोणतेही तेल घालावे, असे करू नये. डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी अशी जात छापलेली असावी. एफडी ही काजळी कमी धरण्याच्या बाबतीत वरची. ट्रॅक्टरचे अगर मोटारसायकलचे इंजिन-तेल ह्या कामी वापरू नये.

माप घेण्यास औषधाच्या दुकानातील सिरिंज उत्तम. ती एकदा आणली म्हणजे वर्ष जाते. आमच्या घरी आता रीत अशी आहे. ब्रश कटरकरिता एक लिटर मिश्रण करावयाचे, तर पेट्रोलाच्या स्वच्छ डब्यात प्रथम अर्धा लिटर पेट्रोल घ्यावयाचे, त्यात ४० मिलिलिटर तेल सोडावयाचे, झाकण लावून चांगले हलवावयाचे, मग उरलेले अर्धा लिटर पेट्रोल घालून पुन्हा हलवावयाचे. स्कूटरकरिता तीन लिटर पेट्रोल घ्यावयाचे, तर तीन वेळा वीस, म्हणजे ६० मिलिलिटर तेल. पंपावर भरताना हे ६० मिलिलिटर तेल एका लहान बाटलीत घरूनच मोजून नेतो, पेट्रोलाचा नळ बंद करून ते प्रथम टाकीत ओततो, आणि वरून पेट्रोलाची धार पडू देतो. धारेच्या जोराने ते मिसळते. पेट्रोलावर मागून तेल ओतले तर ते तळाशी बसते, व नळ उघडताच निव्वळ तेल खाली उतरून स्कूटर सुरू होत नाही.

दोन यंत्रांचे दोन डबे ठेवावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. स्कूटरच्या डब्यातील मिश्रण अडचणीत ब्रश कटरला घालावयाचेच झाले तर ते दुरुस्त करता येते: स्कूटरच्या एक लिटर मिश्रणात २० मिलिलिटर तेल अगोदरच आहे, त्यात आणखी २० घालावे, म्हणजे चाळीस होऊन ब्रश कटरचे प्रमाण जमते. उलट, ब्रश कटरचे एक लिटर मिश्रण स्कूटरला हवे असेल तर त्यात एक लिटर निव्वळ पेट्रोल मिळवावे. दोन लिटरांत चाळीस म्हणजे लिटरमागे वीस झाले. हे त्रैराशिक घरातील शाळकरी मूलही करू शकते.

आणखी एक बाब आताच्या पेट्रोलाची. २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलामध्ये शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळण्याची रीत सर्वत्र झाली आहे. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. डबा महिनोन् महिने अर्धा भरलेला राहिला, किंवा पावसाळ्यात त्यात पाणी शिरले, तर पाणी व इथेनॉल एक होऊन तळाशी उतरतात, व तेल वरच्या पेट्रोलात राहते. यंत्राची नळी तर तळातूनच ओढते. तेव्हा माप बरोबर असूनही यंत्रास तेलाविना थर मिळतो. काचेच्या बाटलीत थोडे मिश्रण घेऊन उजेडात धरले असता ते एकजीव व एका रंगाचे दिसले पाहिजे. खाली निराळा थर अगर गढूळपणा दिसला तर ते मिश्रण यंत्रात घालू नये. ह्यास्तव एका आठवड्याच्या कामापुरतेच मिश्रण करावे, महिन्यापलीकडे ठेवू नये, आणि दर वेळी ओतण्यापूर्वी डबा हलवावा. हंगाम संपला म्हणजे ब्रश कटरची टाकी रिकामी करून, तो आपण होऊन बंद पडेपर्यंत चालवावा, म्हणजे आत मिश्रण सुकून चिकटत नाही.

स्कूटर चालविणारांस एक सूचना. कोरचीकडील अगर भामरागडकडील लांब उतारावर काहीजण पेट्रोल वाचविण्याकरिता खटका पूर्ण मिटवून गिअरमध्येच स्कूटर सोडतात. अशा वेळी चाकांच्या जोराने इंजिन वेगाने फिरत असते, पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणून तेलही बंद. प्रमाण कितीही बरोबर असले तरी जे आतच येत नाही ते उपयोगी पडत नाही. उतारावर मधून मधून खटका थोडा उघडावा.

आता आमचे मुख्य म्हणणे. ह्या सर्व नुकसानीचे मूळ शेतकऱ्याच्या अज्ञानात नाही. ते आकडा सांगण्याच्या रीतीत आहे. बनविणारा प्रमाण छापतो, दुकानदार त्याचा अर्धा भाग तोंडी सांगतो, मिस्त्री तिसऱ्याच यंत्राचा आकडा सांगतो, आणि शेतकऱ्याच्या हातात तर मिलिलिटरची सिरिंज असते. म्हणून विकणाराने लिटरमागे किती मिलिलिटर हेच सांगावे, आणि ते मराठीत लिहून द्यावे. आपल्या मंडळाने यंत्रे विकत घेण्यास सभासदांस साह्य करताना प्रत्येक यंत्राबरोबर एक सिरिंज व एक डबा द्यावा, आणि डब्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत "एक लिटर पेट्रोल, चाळीस मिलिलिटर तेल" असे, किंवा त्या यंत्राचे जे माप असेल ते, लिहून द्यावे. ह्यास खर्च फारसा नाही. कोणी म्हणतील की, पुस्तिका असता हा उपद्व्याप कशास? त्यांस आमचे उत्तर असे की, पुस्तिका घरात ट्रंकेत राहते आणि डबा बांधीवर जातो. जेथे तेल ओतले जाते तेथेच आकडा असला पाहिजे.

आमच्या पुतण्याने दोन्ही डब्यांवर स्वतःच्या हाताने असे आकडे रंगविले आहेत. परवा एक शेजारी ब्रश कटर उसना नेण्यास आला, तेव्हा पुतण्याने यंत्राबरोबर तो डबा व सिरिंजही दिली, आणि म्हणाला, "काकाजी म्हणतात, पंचवीस ऐकायचं नाही, चाळीस मोजायचं." शेजाऱ्याने यंत्र चार दिवस वापरून आमच्या स्वाधीन केले. आम्ही प्लग काढून पाहिला. तो कोरडा व चॉकलेटी होता, आणि सिरिंजही हरवलेली नव्हती.